विहीर कोरडी, म्हणून शून्य

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ, पिमा नावाच्या आदिवासी समाजाची वस्ती आहे. या समाजातल्या 768 स्त्रियांच्या तपासण्यांची एक छोटी फाइल 1990 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या डेटासंग्रहात जमा झाली. साऱ्या स्त्रिया किमान एकवीस वर्षांच्या. प्रत्येकीच्या नावे आठ मोजमापं: गर्भधारणा किती झाल्या, रक्तातली साखर, रक्तदाब, दंडावरच्या कातडीची जाडी, इन्शुलिन, वजन-उंचीचं गुणोत्तर वगैरे, आणि शेवटी, मधुमेह झाला की नाही. मधुमेहाचा अंदाज बांधायला शिकणारे जगभरचे विद्यार्थी आजही ही फाइल उघडतात.

या फाइलसोबतच्या माहितीत अनेक वर्षं लिहिलेलं होतं की एकही मोजमाप गहाळ नाही. प्रत्यक्षात 35 स्त्रियांचा रक्तदाब शून्य आहे. अकराजणींचं वजन-उंचीचं गुणोत्तर शून्य आहे. इन्शुलिनच्या रकान्यात तर 768 पैकी 374 शून्यं आहेत. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य असत नाही, हे कुणालाही कळतं. पण त्याच फाइलीत गर्भधारणांच्या रकान्यातलं शून्य अगदी खरं आहे. म्हणजे एकाच फाइलीत एका रकान्यातलं शून्य हा आकडा आहे आणि शेजारच्या रकान्यातलं शून्य म्हणजे बहुधा ‘मोजलंच नाही’. एका वापरकर्त्याने ही विसंगती दाखवून दिली, तेव्हा 2011 साली संग्रहाने दुरुस्तीची टीप जोडली. टिपेचा आशय असा होता: ही शून्यं गहाळ नोंदींची असण्याची दाट शक्यता आहे, पण डेटा देणाऱ्यांनी तसं काही सांगितलेलं नाही, तेव्हा आपापल्या विवेकाने ठरवा आणि काय गृहीत धरलं ते लिहा.

वीस वर्षं लोटल्यावर अंदाजच बांधावा लागतो. जमा करताना कुणी एक वाक्य लिहिलं असतं, तर तो बांधावा लागला नसता. तसं वाक्य लिहिण्याची जागा म्हणजे डेटा डिक्शनरी: फाइलीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि मोजण्याची रीत सांगणारा कोश. आणि फोल्डरमध्ये काय आहे, कुठून आलं, कसं वापरायचं हे सांगणारी पहिली फाइल म्हणजे रीडमी. संशोधनाचा डेटा झेनोडो किंवा ड्रायडसारख्या सार्वजनिक भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत ठेवायचा तर या दोन्ही फाइली सोबत हव्यात. त्या कशा तयार होतात, हे मी हाताखालून गेलेल्या एका फोल्डरच्या आधाराने सांगते.

बावीस विहिरींचं फोल्डर

पाण्यावर काम करणाऱ्या एका गटाने पठारावरच्या एका गावातल्या 22 विहिरींची पाणीपातळी तीन वर्षं मोजली. जून 2021 ते मे 2024, दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला. एक जण टेप घेऊन विहिरीवर जायचा, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचा आणि रात्री संगणकावर चढवायचा. अभ्यास संपला, अहवाल झाला, आता डेटा सगळ्यांसाठी खुला करायचा ठरला. माझ्याकडे फोल्डर आलं, त्यात `final.xlsx`, `final_new.xlsx` आणि `final_new2 (1).xlsx` अशा तीन फाइली होत्या, `analysis.R` नावाची आज्ञावली होती, नकाशा होता, विहिरींचे दीडशे फोटो होते, आणि का कोण जाणे, एका लग्नाची पत्रिकाही होती.

अशा वेळी हात शिवशिवतात आणि आपण आवराआवर सुरू करतो. ती पहिली चूक. आधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत काढून ती बाजूला ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. मग पहिला प्रश्न: अहवालातले आलेख या तीनपैकी कोणत्या फाइलीतून निघाले? उत्तर आठवणीतून घ्यायचं नाही. आज्ञावली पुन्हा चालवायची आणि आलेख जुळतो का बघायचं. आमची आज्ञावली पहिल्याच ओळीत अडकली, कारण तिच्यात लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा `C:/Users/` ने सुरू होणारा पत्ता होता. तो बदलून तिन्ही फाइलींवर चालवली, तेव्हा अहवालाशी जुळला तो `final_new.xlsx`. नावावरून सगळ्यात ताजी वाटणारी तिसरी फाइल कुणीतरी अर्ध्यात सोडलेली होती.

यानंतर फोल्डरची मांडणी साधी ठेवली. `data_raw` मध्ये फाइल आली तशी. तिच्यातली चूकही दुरुस्त करायची नाही. `data_clean` मध्ये दुरुस्त केलेली. `code` मध्ये एकीपासून दुसरी तयार करणारी आज्ञावली. बाहेर, दारातच, `README.md` आणि `data_dictionary.csv`. तक्ते एक्सेलमध्ये न ठेवता सीएसव्हीत ठेवले, कारण ती साधी मजकुराची फाइल असते आणि कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रणालीत उघडते. शेऱ्यांचा रकाना मराठीत होता, म्हणून फाइल साठवताना एक्सेलमधला `CSV UTF-8` हा पर्याय निवडला. साधा `CSV` निवडला असता तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली असती.

आधी मोजा, मग लिहा

बहुतेक लोक डेटा डिक्शनरी आठवणीतून लिहितात. रकान्यांची नावं एकाखाली एक मांडतात आणि पुढे अर्थ लिहितात: `depth`, म्हणजे पाण्याची खोली. झालं. हे काम दहा मिनिटांत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही, कारण रकान्यात काय असायला हवं एवढंच त्यातून कळतं. काय आहे ते फाइललाच विचारावं लागतं.

विचारायचं ते असं. आधी ओळी मोजायच्या. 22 विहिरी, वर्षाला 24 फेऱ्या, तीन वर्षं: 1584 ओळी हव्यात. फाइलीत होत्या 1590. सहा जास्तीच्या कुठून आल्या? त्याच विहिरीची, त्याच तारखेची नोंद दोनदा होती. वही काढून पाहिली, तेव्हा पहिल्या वेळी टेप कपारीत अडकला होता आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजलं होतं, असं निघालं. नियम ठरला: स्वच्छ फाइलीत दुसरी नोंद ठेवायची, मूळ फाइलीत दोन्ही. तो नियम रीडमीत गेला.

मग तारखा. 2022 सालातल्या नोंदी एका वेगळ्या लॅपटॉपवर चढवलेल्या होत्या आणि त्याच्यावर तारखेची अमेरिकी पद्धत होती: आधी महिना, मग दिवस. आपण `01/06/2022` लिहितो ते एक जून म्हणून. त्या लॅपटॉपने ते सहा जानेवारी म्हणून घेतलं. सोळा तारखेचं मात्र काही बिघडलं नाही, कारण सोळावा महिनाच नसतो; एक्सेलने `16/06/2022` हा नुसता मजकूर म्हणून ठेवून दिला. ही चूक ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, तारखांच्या रकान्यात अर्ध्या नोंदी उजवीकडे सरकलेल्या आणि अर्ध्या डावीकडे चिकटलेल्या दिसतात. एक्सेल तारीख उजवीकडे लावतो, मजकूर डावीकडे. दुसरी, महिनावार मोजणी केली की 2022 च्या जानेवारीत एक ते बारा तारखेपर्यंत रोज एक फेरी झालेली दिसते. महिन्याला दोन फेऱ्या करणारा माणूस जानेवारीतच रोज विहिरीवर का जाईल? स्वच्छ फाइलीत सगळ्या तारखा `2022-06-01` अशा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिल्या. त्यात गोंधळाला जागा राहत नाही आणि रकाना क्रमाने लावला की तारखा आपोआप क्रमाने लागतात.

पाणी कुठून मोजलं?

`depth` हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत मुका होता. एकक लिहिलेलं नव्हतं. आकडे पाहून मीटर असावेत असं कळत होतं. पण खोली कुठून मोजलेली? विहिरीला कठडा असतो. टेप कठड्याच्या काठावर धरला तर एक आकडा येतो, जमिनीच्या पातळीपासून धरला तर दुसरा. भूजलाच्या कामात पातळी जमिनीपासून खाली किती मीटर अशीच सांगण्याचा रिवाज आहे, कारण तशी सांगितली तरच दोन विहिरींची तुलना होते. कठडे काय, कुणाचा गुडघ्याएवढा तर कुणाचा छातीएवढा.

सर्व विहिरींचे आलेख एकाखाली एक लावले, तेव्हा एक जानेवारी 2023 या फेरीत एक चमत्कार दिसला. एका पंधरवड्यात जवळपास साऱ्या विहिरींचं पाणी साठ ते नव्वद सेंटिमीटर वर आलं होतं. जानेवारीत, पाऊस नसताना, रब्बीचा उपसा जोरात चालू असताना. फक्त दोन विहिरी आपल्या चालीने खाली जात होत्या. त्या दोन विहिरींना कठडाच नाही, हे फोटोंत दिसलं. ते दीडशे फोटो तिथे कामाला आले.

डिसेंबर 2022 पर्यंत मोजणारा तरुण नोकरीसाठी शहरात गेला आणि जानेवारीपासून गावातल्याच एका ताईंनी काम हाती घेतलं होतं. दोघांशी बोलले. तो टेप कठड्यावर धरायचा आणि दिसेल तो आकडा लिहायचा. ताईंना प्रशिक्षणात कठड्याची उंची वजा करून लिहायला सांगितलं होतं, त्या तसं लिहायच्या. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. वजाबाकी कुठे व्हायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, एवढीच त्रुटी. अहवालात मात्र 2023 साल आदल्या वर्षापेक्षा बरं दिसत होतं, आणि त्यातलं निदान अर्धा-पाऊण मीटर बरेपण कठड्याचं होतं.

दुरुस्ती करताना एका रकान्याचे तीन झाले. `depth_read_m`: टेपवर दिसलेला किंवा वहीत लिहिलेला आकडा, जसाच्या तसा. `ref_point`: तो कुठून, `parapet` की `ground`. आणि `depth_bgl_m`: जमिनीपासूनची खोली, गणिताने काढलेली. कठड्याची उंची विहिरींच्या वेगळ्या तक्त्यात, प्रत्येक विहिरीपुढे एकदाच. काढलेल्या रकान्याच्या नोंदीत सूत्रही लिहायचं असतं, नाहीतर वाचणाऱ्याला ते मोजलेलं वाटतं:

```
depth_bgl_m = depth_read_m - parapet_h_m   (ref_point = parapet)
depth_bgl_m = depth_read_m                 (ref_point = ground)
```

शून्याचे दोन अर्थ

आता शून्याकडे येऊ. या रकान्यात 30 शून्यं होती आणि 64 कोरी घरं. ती महिन्यांप्रमाणे वेगळी काढली, तेव्हा अकरा शून्यं ऑगस्ट-सप्टेंबर 2023 ची निघाली आणि एकोणीस 2022 च्या उन्हाळ्याची.

पावसाळ्यातली शून्यं ताईंची होती. पाणी जमिनीच्या पातळीला लागलेलं, विहीर तुडुंब, म्हणून खोली शून्य. बरोबरच. उन्हाळ्यातली शून्यं त्या तरुणाची होती. कठड्यावरून मोजणाऱ्याला शून्य येणं शक्यच नाही. त्यासाठी पाणी कठड्याच्या काठाला टेकायला हवं. फोनवर विचारलं, तर तो सहज म्हणाला, “पाणीच नव्हतं ना ताई, मग शून्यच लिहिणार.”

म्हणजे एकाच रकान्यात, एकाच चिन्हाचा अर्थ एकदा काठोकाठ भरलेली विहीर आणि एकदा ठणठणीत कोरडी. संगणकाला दोन्ही सारखीच. ताई कोरड्या विहिरीसाठी घर कोरं ठेवून शेऱ्यात ‘कोरडी’ लिहायच्या. 64 कोऱ्या घरांपैकी 41 तशी होती. सतरा घरांपुढे शेरा होता: मळ्याला कुलूप, ओढ्याला पूर, मालक परगावी. उरलेल्या सहांपुढे काहीच नव्हतं.

याने फरक किती पडतो, ते 16 मे 2022 च्या एका फेरीत पाहता येईल. त्या दिवशी 17 विहिरींना पाणी होतं आणि कठड्यापासून त्याची सरासरी खोली 8.2 मीटर होती. पाच विहिरी कोरड्या होत्या आणि त्यांच्यापुढे शून्य होतं. शून्य हा आकडा मानून 22 विहिरींची सरासरी काढली तर ती 6.3 मीटर येते: गावात पाणी बरंच वर आहे. शून्यं गाळून सतराचीच काढली तर 8.2. पण गाळलेल्या पाच याच गावातल्या सर्वांत वाईट स्थितीतल्या विहिरी होत्या. त्यांचा तळ सरासरी 12 मीटरवर आहे आणि पाणी त्याच्याही खाली गेलेलं आहे. तळाचा आकडा धरला तर सरासरी 9.1 येते, आणि खरी पातळी किमान तितकी खोल, कदाचित त्याहून जास्त. एकच वही, एकच दिवस, आणि पाणी 6.3 वर, 8.2 वर किंवा 9.1 च्याही खाली. कोणता आकडा पुढे जाईल हे डेटा डिक्शनरीतल्या एका नोंदीवर ठरतं.

म्हणून `status` नावाचा नवा रकाना केला. त्याच्या नोंदीत घेता येणारं प्रत्येक मूल्य आणि त्याचा अर्थ लिहिला. `ok`: पाणी मोजलं. `dry`: विहिरीवर गेलो, तळ दिसला, पाणी नव्हतं, खोलीचं घर कोरं. `pumped`: मोटर चालू होती किंवा नुकतीच बंद केली होती, आकडा खरा आहे, पण तो उपशाने खाली गेलेल्या पाण्याचा आहे, स्थिर पातळीचा नाही. `no_access`: पोचता आलं नाही. `unknown`: कारण नोंदलेलं नाही. त्या सहा घरांना आम्ही `unknown` च लिहिलं. आसपासच्या फेऱ्या पाहून ती कोरडी असावीत असं वाटत होतं, पण वाटणं म्हणजे नोंद नव्हे. आपल्याला माहीत नाही हेही डिक्शनरीत लिहिता येतं, आणि पुढच्या माणसाला त्याचाही उपयोग होतो.

कोरं घर नुसतं कोरं न ठेवता त्यात `NA` लिहिलं. काही लोक गहाळ नोंदीसाठी `-999` किंवा `99` लिहितात. ते करू नये, कारण डिक्शनरी न वाचणारा माणूस त्याची सरासरी काढतो आणि 99 मीटर खोल विहीर अगदीच अशक्य वाटत नाही.

डिक्शनरीतली एक ओळ

डेटा डिक्शनरी स्वतःही एक तक्ताच असते. मूळ फाइलीतला एक रकाना म्हणजे डिक्शनरीतली एक ओळ. प्रत्येक ओळीत आम्ही आठ गोष्टी ठेवल्या: कोणत्या फाइलीतला रकाना, त्याचं नाव, साध्या भाषेत अर्थ, प्रकार (आकडा, तारीख, मजकूर की ठरावीक पर्याय), एकक, चालणारी मूल्यं, गहाळ नोंद कशी दाखवली, आणि मोजण्याची रीत.

`depth_bgl_m` ची ओळ वाचली तर ती अशी होते: विहिरीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाची जमिनीपासून खाली असलेली खोली, दशांश आकडा, मीटर, 0 पासून त्या विहिरीच्या तळापर्यंत, 0 म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला, कोरडी विहीर असल्यास `NA`, आणि `status` मध्ये `dry`, पोलादी टेपने, सकाळी, दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक, वरच्या सूत्राने काढलेली. एवढं वाचून हा गाव कधी न पाहिलेला माणूसही चुकणार नाही. ‘0 म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला’ हे पाच शब्द त्या ओळीतले सर्वांत मोलाचे.

ओळखीच्या वाटणाऱ्या रकान्यांनाही ही शिस्त लागते. `rain_mm` म्हणजे पाऊस, हे उघड आहे. पण कोणत्या चोवीस तासांतला? पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, म्हणजे पंधरा तारखेपुढचा आकडा बहुतांशी चौदा तारखेच्या पावसाचा. `owner_type` मध्ये 1, 2, 3 असे आकडे होते. त्यांचा अर्थ फक्त आज्ञावली लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता. विचारल्यावर कळलं: एक जण, भाऊबंदांची सामाईक, ग्रामपंचायतीची. स्वच्छ फाइलीत आकड्यांऐवजी शब्दच लिहिले.

लिहून झाल्यावर डिक्शनरी फाइलीशी ताडून पाहायची. हे डोळ्यांनी करू नये, कारण डोळे थकतात. आर भाषेत चार ओळी पुरतात:

```r
d <- read.csv("data_clean/readings.csv")
k <- read.csv("data_dictionary.csv")
setdiff(names(d), k$variable)
table(d$status, is.na(d$depth_bgl_m))
```

तिसरी ओळ डिक्शनरीत न आलेले रकाने दाखवते. तिथे काहीच उरता कामा नये. चौथी ओळ स्थिती आणि कोरी घरं यांचा ताळा मांडते. `ok` पुढे एकही कोरं घर निघालं किंवा `dry` पुढे एखादा आकडा निघाला, तर डेटा किंवा डिक्शनरी यांपैकी एक खोटं बोलत आहे.

नाव काढलं तरी माणूस उरतो

खुला करायच्या फाइलीतून विहीरमालकांची नावं आणि फोन नंबर काढायचे, हे सगळ्यांना सुचतं. गट क्रमांकाचा रकाना मात्र राहून जातो. महाराष्ट्रात गाव आणि गट क्रमांक माहीत असेल तर सातबारा संकेतस्थळावर पाहता येतो आणि त्यावर मालकाचं नाव असतं. म्हणजे गट क्रमांक ठेवला तर नाव काढून काही उपयोग नाही. अक्षांश-रेखांशाचंही तेच. सहा दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो, थेट कठड्याशी नेऊन उभं करतो. दोनच दशांश ठेवले तर ती जागा साधारण एक किलोमीटरच्या अंतरात धूसर होते.

पण धूसर करण्याची किंमत असते. या गावात ओढ्याकाठच्या विहिरी आणि माळावरच्या विहिरी वेगळ्या वागतात, आणि एक किलोमीटरच्या धूसरपणात तो फरक पुसला जातो. म्हणून नेमकी जागा काढून टाकली आणि तिच्याऐवजी दोन रकाने दिले: समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि ओढ्यापासूनचं अंतर, तेही पन्नास मीटरच्या टप्प्यांत. अभ्यासाला जे लागतं ते उरलं. काय काढलं आणि का, हे रीडमीत लिहिलं. शेऱ्यांचा रकाना एकदा पूर्ण वाचला, कारण ‘मालक परगावी’च्या शेजारी कुठेतरी मालकाचं नावही लिहिलेलं होतं.

रीडमीत काय असावं

रीडमी शेवटी लिहावी, कारण तोवर सांगण्यासारखं बरंच जमलेलं असतं. आमची तीन पानांची झाली. सुरुवातीला एका परिच्छेदात: काय मोजलं, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कुणी. मग फाइलींची यादी, प्रत्येकीपुढे एक ओळ आणि ओळींची संख्या. संख्या दिली की उतरवून घेणाऱ्याला आपली फाइल पुरी आली का ते तपासता येतं. मग आज्ञावली कोणत्या क्रमाने चालवायची आणि आरची कोणती आवृत्ती वापरली. मग परवाना: डेटासाठी आम्ही सीसी बाय 4.0 निवडला, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावा.

दोन भागांवर मात्र जास्त वेळ दिला. पहिला, मूळ फाइलीपासून स्वच्छ फाइलीपर्यंत काय बदललं. सहा जोडनोंदी, तारखा, कठडे, शून्यं: प्रत्येक बदल, किती ओळींना लागला त्या संख्येसह. दुसरा, माहीत असलेल्या उणिवा. डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 यांच्या मध्ये मोजणारा बदलला. सहा नोंदींचं कारण अज्ञात आहे. कोरड्या विहिरी गाळून सरासरी काढली तर उन्हाळ्याची स्थिती आहे त्यापेक्षा चांगली दिसते. हा शेवटचा इशारा आम्ही ठळक केला. गटातल्या एकाला वाटलं की इतक्या चुका उघड मांडल्या तर लोक डेटावर विश्वास ठेवणार नाहीत. मला याच्या अगदी उलट वाटतं. ज्या फाइलीत एकही उणीव नोंदलेली नाही, ती कुणी नीट पाहिलेलीच नसते.

मग परीक्षा. फोल्डर एका ओळखीच्या शिक्षिकेला दिलं, ज्यांचा या कामाशी काही संबंध नव्हता. अट एकच: मला काही विचारायचं नाही, फक्त रीडमी वाचून मे 2022 ची सरासरी पातळी काढायची. त्या अडल्या ते ‘पंधरवडा क्रमांक’ या रकान्यापाशी. तो जूनपासून मोजलेला आहे की जानेवारीपासून, हे डिक्शनरीत राहून गेलं होतं. ती ओळ दुरुस्त केली आणि फोल्डर झेनोडोवर चढवलं. झेनोडो हे भांडार 2013 पासून सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते. तिथे प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. पुढे चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवता येते, तिला वेगळा क्रमांक मिळतो आणि जुनी आवृत्तीही जागेवर राहते. त्यामुळे कुणी कोणत्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला, ते नंतरही तपासता येतं.

या साऱ्या कामाला आम्हाला नऊ दिवस लागले. त्यातले सर्वांत कमी तास लिहिण्यात गेले आणि सर्वांत जास्त विचारण्यात. तो तरुण फोनवर भेटला म्हणून एकोणीस शून्यांचा अर्थ कळला. आणखी पाच वर्षांनी त्याचा नंबर बदललेला असता, वही वाळवीने खाल्ली असती, आणि आमच्या विहिरींपुढेही पिमा स्त्रियांच्या रक्तदाबापुढे आहे तशीच टीप लिहावी लागली असती: बहुधा असं असावं, तुम्हीच ठरवा. तुमच्या संगणकावर असं एखादं फोल्डर पडून असेल, तर त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना आज उघडा, त्यातली शून्यं आणि कोरी घरं मोजा, आणि ज्याने ती मोजमापं घेतली त्याला आजच फोन करा.